काम संपल्यानंतरचा एक दिवस

फिल्म पोहोचली, बिलाचा शेवटचा हप्ता आला, की त्या प्रोजेक्टकडे सहसा कुणी पुन्हा बघत नाही. डिस्क काढून कपाटात जाते आणि नवीन काम सुरू होतं. मग दोन-तीन वर्षांनी संस्थेतून फोन येतो. शेवटच्या पाटीवरचं एक नाव बदलायचं असतं, परदेशातल्या महोत्सवासाठी मराठी सबटायटल नसलेली प्रत हवी असते, किंवा वर्धापनदिनाला दाखवायला दीड मिनिटाचा तुकडा हवा असतो. मागणी छोटीच असते. आपण ‘उद्या देतो’ म्हणतो आणि कपाट उघडतो.

पुढे तीनपैकी एक गोष्ट घडते. डिस्क कॉम्प्युटरला दिसतच नाही. किंवा डिस्क दिसते, प्रोजेक्टही उघडतं, पण टाइमलाइनवर जिकडेतिकडे `Media Offline`ची लाल पाटी. किंवा फुटेज सगळं सापडतं, पण पाट्यांवरच्या मराठी मजकुराच्या जागी रोमन अक्षरांची खिचडी दिसते. पहिल्या प्रकाराला आपण नशीब म्हणतो आणि त्यावरच सगळ्यात जास्त बोलतो. माझ्या पाहण्यात मात्र दुसरा आणि तिसरा प्रकार कितीतरी अधिक येतो, आणि त्यांचा डिस्कच्या आयुष्याशी काही संबंध नसतो. प्रोजेक्ट बंद करताना जो एक दिवस द्यायला हवा होता तो दिला नाही, एवढंच कारण. ही पुस्तिका त्या एका दिवसासाठी आहे.

ती एक ते पाच माणसांच्या स्टुडिओसाठी लिहिली आहे. माहितीपट, संस्थांच्या फिल्म, लग्नं, अधूनमधून एखादी जाहिरात असं काम करणाऱ्यांसाठी. एडिट चालू असताना रोज संध्याकाळी दुसऱ्या डिस्कवर घेतो तो बॅकअप आज रात्री काही बिघडलं तर उद्या सकाळी काम सुरू व्हावं म्हणून असतो. पुस्तिकेचा विषय तो नाही. संग्रह वेगळा. तो उघडणाऱ्या माणसाला पाच वर्षांपूर्वीचं काही आठवत नसणार, कॉम्प्युटर वेगळा असणार, कदाचित माणूसही वेगळा असणार, हे धरूनच तो बांधावा लागतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, माण तालुक्यातल्या एका गावाच्या पाण्याच्या कामावर ४२ मिनिटांचा माहितीपट केला. दोन सोनी कॅमेरे आणि एक ड्रोन मिळून ३८ तासांचं फोर-के फुटेज झालं. १०० मेगाबिटच्या रेकॉर्डिंगला तासाला ४५ जीबी लागतात, म्हणजे सुमारे १.७ टीबी. वेगळा रेकॉर्ड केलेला आवाज २० जीबी. लॅपटॉपवर एडिट करता यावं म्हणून केलेल्या प्रॉक्सी फाइल ६५० जीबी. सॉफ्टवेअरने स्वतःच साठवलेले कॅशे आणि प्रिव्ह्यू ३०० जीबी. ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘फायनल खरंच’ अशा नावांच्या कच्च्या एक्स्पोर्ट ६० जीबी. अंतिम मास्टर प्रोरेस ४२२ एचक्यूमध्ये, सुमारे २३० जीबी. संगीत, ग्राफिक्स, कागदपत्रं धरून एकूण जवळजवळ ३ टीबी.

यातल्या प्रॉक्सी, कॅशे आणि प्रिव्ह्यू मूळ फुटेजवरून कधीही पुन्हा तयार होतात, आणि मास्टर तयार झाल्यावर कच्च्या एक्स्पोर्टना काही अर्थ उरत नाही. हे सगळं काढलं की ३ टीबीचे २ टीबी होतात आणि एकही फ्रेम जात नाही. एकाच गोष्टीला जपावं. शेवटच्या मंजुरीच्या वेळी ग्राहकाने पाहिलेली प्रत आणि तिच्यावरची लेखी मंजुरी ठेवावी. पुढे वाद झाला तर तीच उपयोगी पडते.

फोल्डरची रचना पुस्तिकेत सविस्तर आहेच, पण तिचा सांगाडा इथेच देतो.

```
2023-05_Mhaswad_Pani/
  00_README.txt
  01_CAMERA/
     2023-02-11_CamA_Card01/
     2023-02-11_CamB_Card01/
  02_SOUND/
  03_PROJECT/
  04_GRAPHICS_FONTS/
  05_MUSIC_LICENCE/
  06_MASTER/
  07_PAPERS/
```

नावं रोमन अक्षरांत आणि मधल्या जागांशिवाय ठेवली आहेत, कारण डिस्क मॅकवरून विंडोजवर आणि तिथून नॅसवर फिरते, आणि देवनागरी नावांचा प्रत्येक जुन्या प्रोग्रामवर भरवसा ठेवता येत नाही. तारीख वर्षापासून सुरू केली की फोल्डर आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. फोल्डरात फोल्डर फार खोल नेऊ नयेत. विंडोजमध्ये पूर्ण पत्त्याची लांबी २६० अक्षरांपलीकडे गेली की कित्येक प्रोग्राम अडतात आणि कॉपी अर्ध्यावर थांबते.

या रचनेत सगळ्यात जास्त चुका `01_CAMERA` मध्ये होतात, म्हणून तिथे जरा थांबतो. सोनीच्या कार्डावर क्लिप `PRIVATE/M4ROOT/CLIP` या फोल्डरात असतात आणि पहिल्या क्लिपचं नाव `C0001.MP4`. घाईत असलेला सहायक कार्डातून फक्त व्हिडिओ फाइल उचलतो आणि ‘फुटेज’ नावाच्या फोल्डरात टाकतो. दुसरं कार्ड टाकताना कॉम्प्युटर विचारतो की याच नावाची फाइल आहे, बदलू का? कुणीतरी ‘हो’ दाबतं, आणि एक मुलाखत गेली. हे निदान लक्षात तरी येतं. पुढचा प्रकार त्याहून वाईट. ‘ए’ कॅमेऱ्याची `C0001.MP4` म्हणजे सरपंचांची मुलाखत आणि ‘बी’ कॅमेऱ्याची `C0001.MP4` म्हणजे विहिरीवरच्या शेळ्या. तीन वर्षांनी लिंक तुटलेलं प्रोजेक्ट उघडून सॉफ्टवेअरला फुटेजचा फोल्डर दाखवला, की नाव जुळलं म्हणून ते पुष्कळदा मुकाट्याने चुकीची फाइल स्वीकारतं. लाल पाटी जाते, टाइमलाइन भरलेली दिसते. सरपंचांच्या जागी शेळ्या आहेत, हे फिल्म पाहिल्याशिवाय कळत नाही.

उपाय साधा आहे. प्रत्येक कार्ड जसंच्या तसं, आतल्या सगळ्या फोल्डरांसकट, स्वतःच्या नावाच्या फोल्डरात उतरवायचं. शेजारच्या छोट्या `XML` फाइलही राहू द्यायच्या, त्यांत रेकॉर्डिंगची माहिती असते. जुन्या एव्हीसीएचडी कॅमेऱ्यांबाबत तर हे अधिकच खरं, कारण ते लांब मुलाखतीचे तुकडे करून साठवतात आणि फोल्डर मोडले की तुकड्यांच्या सांध्यावर आवाज तुटतो. नव्या कॅमेऱ्यांत क्लिपच्या नावात तारीख किंवा आपलं नाव घालायची सोय असते, ती शूटिंगच्या आधी सुरू करावी. क्लिपची नावं बदलायचीच असली तर कार्ड उतरवतानाच बदलावी. एडिट सुरू झाल्यावर त्यांना हात लावू नये.

आता `03_PROJECT`. प्रीमियरचं प्रोजेक्ट ही एक `.prproj` फाइल असते, ती कॉपी झाली की झाली. दा विंची रिझॉल्व्हचं तसं नाही. त्याचं प्रोजेक्ट सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये राहतं आणि फुटेजच्या डिस्कवर त्याचा मागमूसही नसतो. रिझॉल्व्हवर काम करणारे काही जण वर्षानुवर्षं फुटेजच्या डिस्क जपतात आणि एक दिवस कॉम्प्युटर फॉरमॅट करून सगळी एडिटं घालवून बसतात. त्यामुळे काम संपताना प्रोजेक्ट `.drp` म्हणून बाहेर काढून या फोल्डरात ठेवावं. `.dra` हा प्रकार फुटेजसकट सगळं एकत्र करतो, पण त्यामुळे आपली फोल्डरांची रचना बाजूला पडते. `.drp` आणि स्वतःची रचना हीच जोडी मला बरी वाटते.

आणखी एक. नवं सॉफ्टवेअर जुनं प्रोजेक्ट उघडतं, जुनं सॉफ्टवेअर नवं उघडत नाही. आणि ‘नवं जुनं उघडतं’ हेही दहा वर्षांच्या अंतराने गृहीत धरू नये. म्हणून प्रोजेक्टसोबत टाइमलाइनची `XML` आणि `EDL` काढून ठेवावी. त्यांत इफेक्ट टिकत नाहीत, पण कोणती क्लिप कुठून कुठपर्यंत वापरली ते कळतं आणि दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कट उभा करता येतो. `00_README.txt` मध्ये सॉफ्टवेअरची आवृत्ती, वापरलेले प्लगइन आणि लट, फ्रेम रेट आणि अंतिम टाइमलाइनचं नाव लिहावं. त्या दिवशी हे सगळं तोंडपाठ असतं. सहा महिन्यांनी आठवत नाही.

पाट्यांचा गोंधळ ही खास आपली अडचण. आपल्याकडच्या पुष्कळ जुन्या पाट्या श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये केलेल्या आहेत. त्यांत ‘म्हसवड’ या शब्दाच्या जागी प्रत्यक्षात रोमन चिन्हं साठवलेली असतात आणि फॉन्ट त्यांना देवनागरी रूप देतो. फॉन्ट नसला की खालची चिन्हं उघडी पडतात. फॉन्टची फाइल जपून ठेवता येते, पण तिचा परवाना आणि डोंगल जपणं अवघड. म्हणून माझा आग्रह दोन गोष्टींचा असतो. एक, प्रत्येक पाटी पारदर्शक पार्श्वभूमीसह प्रोरेस ४४४४ मध्ये वेगळी काढून ठेवावी. दोन, पाट्या आणि सबटायटल अजिबात नसलेला एक मास्टर ठेवावा, सोबत संवाद, संगीत आणि इतर आवाज वेगवेगळ्या फाइलमध्ये. दोन्ही मास्टर धरले की आपल्या उदाहरणात २३० जीबी आणखी वाढतात. पण मघाशी सांगितलेल्या तीनही फोनचं उत्तर या मास्टरमधून मिळतं, प्रोजेक्ट उघडावंही लागत नाही. संग्रहात एकच गोष्ट ठेवायची परवानगी मिळाली, तर मी पाट्या नसलेला मास्टर आणि वेगळे आवाज ठेवीन.

संगीताच्या परवान्याची पावती `05_MUSIC_LICENCE` मध्ये जाते. तिला स्वतंत्र फोल्डर देण्याचं कारण म्हणजे यूट्यूबवरचा हक्काचा दावा पुष्कळदा वर्षं उलटल्यावर येतो. तोपर्यंत ज्या ईमेलवर पावती आली ते खातंच बंद झालेलं असतं.

फोल्डर लागला की कॉपी करायची. इथे एक क्रम पाळावा लागतो आणि तो उलटा झाला तर सगळी मेहनत वाया जाते. आधी मूळ डिस्कवर प्रत्येक फाइलचा चेकसम काढायचा, मग कॉपी करायची, मग प्रतीवर तोच चेकसम तपासायचा. चेकसम म्हणजे फाइलमधल्या प्रत्येक बिटवरून काढलेला एक आकडा, एक बिट बदललं तरी तो बदलतो. कॉपी झाल्यावर प्रतीवरच चेकसम काढला, तर बिघडलेली फाइलही ‘ठीक’ म्हणून नोंदवली जाते. मॅकवर मूळ फोल्डरात जाऊन पहिली ओळ चालवायची आणि प्रत झाल्यावर प्रतीच्या फोल्डरात जाऊन दुसरी.

```
find . -type f ! -name SHA256.txt ! -name .DS_Store -exec shasum -a 256 {} + > SHA256.txt
shasum -a 256 -c SHA256.txt
```

प्रत्येक फाइलपुढे `OK` आलं पाहिजे. एखादीपुढे `FAILED` आलं तर ती फाइल पुन्हा कॉपी करायची. पुन्हा तेच झालं तर केबल बदलायची आणि मग डिस्कवर संशय घ्यायचा. २ टीबीला साध्या यूएसबी डिस्कवर एका फेरीला चार-पाच तास लागतात. म्हणजे रात्री लावून घरी जायचं काम. कमांडची भीती वाटणाऱ्यांसाठी कॉपी करतानाच पडताळणी करणारी सॉफ्टवेअर आहेत, पुस्तिकेत त्यांची रीत दिली आहे. पण ‘कॉपी पूर्ण झाली’ असा संदेश आला म्हणजे फाइल बरोबर आहे, असं समजू नये. तो संदेश फक्त लिहिणं संपल्याचा असतो.

प्रती किती? छायाचित्रकार पीटर क्रॉग यांनी रूढ केलेला ३-२-१ हा नियम आता जगभर चालतो: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या ठिकाणी. छोट्या स्टुडिओला तीन पूर्ण प्रती परवडत नाहीत हे मला ठाऊक आहे. तिथे मी दोन डिस्कवर तडजोड करतो, पण दोन अटींवर. डिस्क वेगवेगळ्या कंपन्यांच्या किंवा निदान वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या असाव्यात, कारण एकाच खेपेतल्या डिस्क एकाच दोषाने बंद पडू शकतात. आणि दुसरी डिस्क दुसऱ्या घरात, शक्य तर वरच्या मजल्यावर असावी. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि जुलै २०२१ मध्ये चिपळुणात पाणी घरादुकानांत शिरलं. तिथे एकाच कपाटात ठेवलेल्या दोन प्रतींची किंमत एका प्रतीएवढीच.

तिसरी प्रत सगळ्याची नको, मोजक्या गोष्टींची क्लाउडवर ठेवावी. ५० मेगाबिटच्या अपलोडवर २ टीबी चढवायला जवळजवळ चार दिवस अखंड लागतात. पण प्रोजेक्ट, `XML`, सबटायटल, कागदपत्रं आणि मास्टरची एक चांगली एच.२६४ प्रत मिळून २० जीबीही होत नाहीत, ते एका तासात जातं. नॅसवर दोन डिस्क एकमेकींचं प्रतिबिंब ठेवतात म्हणून निश्चिंत राहणारे बरेच भेटतात. एक डिस्क बंद पडली तर ते खरोखर वाचवतं. पण आपणच फोल्डर डिलीट केला तर तो दोन्हीकडून त्याच क्षणी जातो.

फिरती हार्ड डिस्क न वापरता कपाटात पडून राहिली तरी म्हातारी होते. वर्षातून एकदा जोडून चेकसमची फेरी मारावी, आणि पाच-सहा वर्षांनी सगळं नव्या डिस्कवर उतरवावं. एसएसडी एडिटला उत्तम, कपाटात ठेवायला नाही. तिच्या पेशींतला विद्युतभार वीज नसताना हळूहळू गळतो, आणि खोली जितकी उष्ण तितका लवकर. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात डिस्क सिलिका जेलसह बंद डब्यात ठेवावी आणि जोडण्याआधी तासभर खोलीच्या हवेवर येऊ द्यावी. संग्रह पन्नासेक टीबीच्या पुढे गेला, की मग एलटीओ टेपचा विचार करावा. एलटीओ-९ च्या एका टेपवर १८ टीबी मावतात आणि टेप स्वस्त असते, पण ड्राइव्ह काही लाखांचा. शिवाय ड्राइव्ह फार जुन्या पिढ्या वाचत नाही. एलटीओ-९ चा ड्राइव्ह फक्त आठवी आणि नववी पिढी वाचतो. म्हणजे टेप तीस वर्षं टिकली तरी तिला वाचणारं यंत्र जपायची जबाबदारी आपलीच.

राहता राहिला सगळ्यात वादाचा प्रश्न: मूळ फुटेज किती दिवस ठेवायचं?

माहितीपटाच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे. काही काढूच नये. आपल्या ३८ तासांतले १५ तास मुलाखती, ५ तास वापरलेली दृश्यं आणि उरलेले १८ तास न वापरलेले शॉट, चालू राहिलेला कॅमेरा, रस्त्यावरचे हलते तुकडे. ते १८ तास काढले तर ८०० जीबी वाचतात, म्हणजे ४ टीबीच्या डिस्कचा जेमतेम पाचवा हिस्सा. ते निवडायला मात्र माणसाचे दोन-तीन दिवस जातात, आणि त्या माणसाची मजुरी डिस्कच्या त्या हिश्श्यापेक्षा जास्त होते. वर, न वापरलेल्या त्या शॉटमध्येच नंतर पाडलेला वाडा किंवा कोरडा पडलेला ओढा असतो. प्रीमियरमध्ये ‘न वापरलेलं वगळा’ असा पर्याय आहे आणि तो दाबायचा मोह होतो. पण तो निवड करत नाही, फक्त अंतिम टाइमलाइनवर नसलेल्या क्लिप टाकतो. ज्या मुलाखतीचं एकही वाक्य फिल्ममध्ये आलं नाही, ती पूर्णच जाते.

संस्थांच्या आणि जाहिरातीच्या कामात वेगळा हिशेब. करारभंगाच्या दाव्याला आपल्याकडे साधारण ३ वर्षांची मुदत असते. तेवढा काळ सगळं ठेवावं, नंतर दोन्ही मास्टर, प्रोजेक्ट, मुलाखती आणि कागदपत्रं राखून बाकीचं काढायला हरकत नाही. ग्राहकाला आधी लेखी विचारावं, त्याला हवं असेल तर त्याच्या डिस्कवर द्यावं.

लग्नांमध्ये मुदत नसेल तर स्टुडिओ बुडतो. एका लग्नाचं २० तास फुटेज धरलं तर ९०० जीबी. हंगामात तीस लग्नं म्हणजे २७ टीबी, दोन प्रतींत ५४. तिथे बिलावरच ओळ छापावी: मूळ फुटेज अंतिम फिल्म दिल्यापासून ९० दिवस ठेवलं जाईल, त्याआधी आपली डिस्क आणून ते घेऊन जाता येईल. मुदत संपण्याच्या आठवडाभर आधी एक संदेश पाठवावा आणि तो जपून ठेवावा. फिल्म मात्र कायम ठेवावी. लग्नाच्या फिल्मची मागणी कधीकधी त्यातलं कुणी माणूस गेल्यावर येते, आणि त्या घराला ‘नाही’ म्हणणं अवघड जातं.

एका बाबतीत मात्र उलट वागावं लागतं. एखाद्या बाईने मुलाखत दिली आणि नंतर ‘ते कुठेही नको’ असं सांगितलं, तर टाइमलाइनवरून काढणं पुरत नाही. ती क्लिप, तिची प्रॉक्सी, तिचा वेगळा आवाज आणि प्रत्येक डिस्कवरची प्रत पुसावी लागते. कुठे कुठे आहे हे माहीत असेल तरच पुसता येतं. चेकसमची यादी इथेही कामाला येते, कारण तीच फाइल दुसऱ्या नावाने पडली असली तरी तिचा आकडा तोच असतो.

ज्यांच्याकडे अजून मिनी डीव्हीच्या कॅसेट पडून आहेत, त्यांनी आधी त्या उतरवाव्यात. एका तासाच्या कॅसेटला फक्त १३ जीबी लागतात, पण उतरवायला पूर्ण तास लागतो, फायरवायरचं तोंड असलेला कॉम्प्युटर लागतो आणि चालू स्थितीतला डेक लागतो. यातला डेक दर वर्षी अधिक दुर्मीळ होत आहे. बुरशी लागलेली कॅसेट साफ केल्याशिवाय डेकमध्ये घालू नये. ती हेड खराब करते आणि पुढच्या सगळ्या कॅसेटना त्रास देते.

पहिल्या प्रकरणाकडे वळण्याआधी वाचकांना एक विनंती. दोन वर्षांपेक्षा जुनं कुठलंही एक प्रोजेक्ट निवडा. ज्या कॉम्प्युटरवर ते केलं होतं तो सोडून दुसऱ्या कॉम्प्युटरला फक्त संग्रहाची डिस्क जोडा, प्रोजेक्ट उघडा, आणि पाट्यांसकट पहिली पाच मिनिटं एक्स्पोर्ट करून मास्टरशेजारी ठेवून पाहा. जिथे अडाल त्या अडचणीचं प्रकरण आधी वाचा. उरलेली पुस्तिका क्रमाने वाचायची काही गरज नाही.